सैल कातडं

राघोत्तमला ओळखीची माणसं ओळखेनाशी झाली, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा मनापासून खूश झाला.

मद्रासमधल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे तो तपासणी विभागाचा प्रमुख. वय पंचेचाळीस. ऑपरेशनच्या रजेनंतर काही महिन्यांनी एक जुना ग्राहक आला आणि त्यालाच विचारू लागला, "राघोत्तम सार एंगे? कुठे आहेत?" राघोत्तम म्हणाला, "मीच तो." ग्राहक दोन पावलं मागे सरला, वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि मग त्याने हात जोडले. संध्याकाळी पश्चिम मांबळमच्या घरी येऊन राघोत्तमने ही गोष्ट बायकोला, संयुक्ताला, तीनदा सांगितली.

लहानपणापासून त्याचं नाव 'गुंडू', म्हणजे जाड्या. हे नाव ठेवलं ते वडिलांनी. वसंतराव रेल्वेत हेडक्लार्क होते. अंगाने वेताच्या छडीसारखे, ऐंशीच्या घरातही पहाटे उठून चालायला जाणारे, आणि त्याचा अभिमान लपवायची गरज न वाटणारे. तंजावरकडची मराठी घरं मद्रासेत येऊन तीन-चार पिढ्या झाल्या, तरी वसंतरावांच्या घरात सगळी कर्मं यथासांग व्हायची. आणि कर्म म्हटलं की पुरुषाला उघड्या अंगाने बसावं लागतं. नऊ वर्षांचा राघोत्तम मुंजीत उघडा बसला तेव्हा बायका पदरात हसल्या. लग्नात तो पंचकच्छ धोतर नेसून बसला तेव्हा फोटोग्राफरने विचारलं, खांद्यावरचं अंगवस्त्र जरा पसरून घेता का. त्यानंतर वसंतरावांनी आपण होऊन ठरवूनच टाकलं. थोरला राघोत्तम, पण श्राद्ध असो, पूजा असो, पुढे बसायचं ते धाकट्या सुधींद्राने. सुधींद्र सडसडीत होता.

"थोरला हाय म्हणून काय झालं?" वसंतराव चारचौघांत म्हणायचे. "देवापुढं माणसागत दिसाया नक्को?"

ऑपरेशनआधी राघोत्तमचं वजन एकशे एक्केचाळीस किलो. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं, तेव्हा राघोत्तम ते सांगायला वडिलांकडे गेला. वसंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कर," ते म्हणाले. "पुढल्या वरसाला माझा सदाभिषेकम हाय. तू माणसात आलास तर पहिला कलश तुझ्या हातानं घालून घेईन."

महाराष्ट्रात याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात. ऐंशी वर्षं सरली, हजार पौर्णिमांचे चंद्र बघून झाले, की नवराबायकोला पाटावर बसवून मुलं, सुना, नातवंडं मंत्रांच्या घोषात कलशांचं पाणी त्यांच्या डोक्यावर घालतात. पहिला मान थोरल्याचा. जो मान जन्माने आपला होता, तो बक्षीस म्हणून मिळतोय, हे राघोत्तमच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. त्याला आनंदच झाला.

त्याने ऑपरेशन केलं आणि त्यानंतर जे जे सांगितलं ते सगळं केलं. वाटीभर जेवण, आधी डाळ-पनीर-अंडं, मग उरलं तर भात. जिथे एका वेळी बारा इडल्या जायच्या तिथे एक. वजन महिन्यामहिन्याला उतरत गेलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, रात्रीचा श्वास मोकळा झाला, जिना चढताना मध्ये थांबावं लागेना.

आणि मग कातडं लोंबायला लागलं.

आधी पोटाखाली एक घडी पडली. वजन उतरेल तशी ती लांबत गेली आणि पदरासारखी मांड्यांवर येऊन पडली. छातीच्या दोन रिकाम्या पिशव्या झाल्या. दंडाखालचं कातडं हात वर केला की हलायचं. मांड्यांचं कातडं चालताना एकमेकांवर घासायचं. सदरा-पॅन्ट घातली की कोणाला काही कळायचं नाही. पॅन्टच्या आत तो ती घडी उचलून पट्ट्याखाली बसवायचा आणि दुपारपर्यंत मद्रासच्या घामाने तिथे आग व्हायची. घडीच्या आतली चामडी लाल होऊन चिरायची, कुबट वास यायचा. रोज रात्री संयुक्ता ती घडी उचलून धरायची, तो खालचं अंग पुसून कोरडं करायचा, पावडर लावायचा आणि मध्ये सुती कापडाची पट्टी ठेवायचा.

"हे आवळेल हळूहळू," तो म्हणायचा.

"आवळेल की," संयुक्ता म्हणायची. ती शाळेत गणित शिकवायची आणि सहसा खोटं बोलायची नाही.

आवळावं म्हणून त्याने तेलं चोळली, मलमं चोळली. व्यायामशाळेत जाऊन दंड कमावले. पेरुंगुडीला, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारतींच्या रांगेत, एक वातानुकूलित केंद्र होतं. भिंतभर सपाट पोटांची चित्रं. तिथल्या मुलीने यंत्राच्या गरम गोळ्याने त्याचं पोट शेकलं, टेप लावला आणि म्हणाली, "बघा सार, एक सेंटिमीटर कमी." त्याने पुढच्या वेळी टेप स्वतः धरला. मापं घेण्यातच त्याचा जन्म गेला होता. ओढून धरला तर एक सेंटिमीटर कमी यायचा आणि सैल सोडला तर नाही.

सदाभिषेकमला तीन महिने उरले तेव्हा संयुक्ता म्हणाली, "आता खऱ्या डॉक्टरकडे जाऊ या."

डॉक्टर कनका या प्लास्टिक सर्जन होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तमिळमध्ये आणि सावकाश. त्यांनी त्याला पडद्याआड उभं केलं, बसवलं, वाकवलं, घडी चिमटीत धरून बघितली, खालचे व्रण बघितले. पोटावरच्या पांढऱ्या चिरांवरून बोट फिरवलं.

"कधीपासून जाड होता?"

"आठव्या-नवव्या वर्षापासून."

"सिगारेट?"

"तिशीपर्यंत. मग सोडली."

"घरात कोणाची कातडी लवकर सैल पडलेली?"

"आईची," तो म्हणाला. "आई चाळिशीतच म्हातारी दिसायची."

त्याने सदरा घातल्यावर त्या समोर बसल्या. "मी एकदम खरं सांगते. कातडी ताणली गेली की ती काही प्रमाणात परत येते. पण ती ज्या तंतूंमुळे परत येते ते फार वर्षं ताणलेले राहिले तर तुटतात. ह्या पांढऱ्या चिरा त्याचीच खूण. तुमचं अंग पस्तीस वर्षं ताणलेलं होतं. उतरलेलं वजन साठ किलोच्या आसपास. वय पंचेचाळीस. वर अनुवंश आणि जुनी सिगारेट. ह्यातली एकही गोष्ट आता बदलता येत नाही."

"म्हणजे स्प्रिंग बसली," राघोत्तम म्हणाला.

"काय?"

"आमच्याकडे म्हणतात तसं. मर्यादेपलीकडे ताणली की स्प्रिंग मूळ लांबीला येत नाही."

"तसंच," त्या म्हणाल्या.

"मी फार झटपट उतरलो म्हणून झालं का हे? हळू उतरलो असतो तर?"

"सगळे हेच विचारतात आणि स्वतःलाच दोष देतात. इतकं वजन हळू उतरलं असतं तरी कातडी लोंबलीच असती. थोडाफार फरक पडला असता, किती ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

"आणि तेल? यंत्र?"

"मलमाने कातडी मऊ होते, आखडत नाही. यंत्राचा उपयोग थोड्याशा सैलपणाला होतो, तोही थोडासाच. एवढ्या घडीला नाही. व्यायाम सोडू नका. स्नायू भरले तर दंड-मांड्यांना आतून जरा आकार येतो. पण कातडी त्याने कमी होत नाही. वजन थांबल्यावर वर्षभर, कधी दोन वर्षं, ती अजून थोडी आवळते. त्यावर फार आशा ठेवू नका."

संयुक्ताने विचारलं, "मग ऑपरेशनच?"

"पोटाचं करता येईल. ह्या व्रणांमुळे ते नुसतं शोभेचं काम राहत नाही, गरज आहे. पण आता नाही." त्यांनी रक्ताचे कागद पुढे ओढले. "वजन अजून उतरतंय. ते एका जागी निदान सहा महिने टिकू दे, नाहीतर आज शिवलेलं उद्या पुन्हा सैल पडेल. हिमोग्लोबिन कमी आहे, प्रथिनं कमी आहेत. अशा अंगावर एवढी मोठी जखम भरत नाही."

"तीन महिन्यांनी माझ्या वडिलांचा सदाभिषेकम आहे," राघोत्तम म्हणाला. "मला उघड्या अंगाने बसायचंय."

डॉक्टर कनकांनी कागद बाजूला सारले. तमिळ घरातल्याच त्या. जास्त सांगावं लागलं नाही.

"तीन महिन्यांत मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा कोणी लावतो म्हणाला तर पळून या. आणि पुढे केलं तरी काय मिळेल तेही ऐकून ठेवा. ह्या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडवा व्रण राहील, तो फिका होईल, जाणार नाही. बेंबी नव्याने बसवावी लागेल. खालचा भाग बधिर राहील, काही दिवस नळ्या राहतील, पाणी साचेल, एखादा टाका उसवेल. पोट सपाट होईल. छाती आणि दंड तसेच राहतील. त्यांची ऑपरेशनं वेगळी, त्यांचे व्रण वेगळे. कधीच जाड नव्हता अशा माणसाचं अंग तुम्हाला मिळणार नाही. जे मिळेल ते कमी आगीचं, कमी ओझ्याचं अंग. तेवढ्यासाठी करायचं असेल तर या."

रस्त्यावर आल्यावर राघोत्तमने रक्ताचे कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाला, "पस्तीस वर्षं वाटायचं की आत एक दुसरा माणूस आहे. बारीक. वरचं काढलं की तो निघेल."

"आता जो निघालाय तो जिने चढतो," संयुक्ता म्हणाली. "अप्पांना आधीच सांगून टाका. त्यांना माहीत असू दे."

तो सांगायला गेलाही. वसंतराव ओसरीवर पाहुण्यांची नावं वाचून दाखवत होते आणि आई, सरोजा, भाजी निवडत होती. वसंतरावांनी त्याला बघितलं आणि शेजारच्या माणसाला म्हटलं, "बघितलास? हा माझा थोरला. पहिला कलश ह्याचा." त्या आवाजात राघोत्तमने कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. तो चहा पिऊन परत आला. सांगितलं नाही.

सदाभिषेकम मांबळमच्याच एका मंडपात झाला. तीनशे माणूस. शोळिंगनल्लूरला कंपनीत असलेला सुधींद्र, त्याची बायको, दोन्हीकडचे मामे-आते-चुलते, तंजावर-कुंभकोणमहून आलेली म्हातारी मंडळी. नादस्वरवाले एका बाजूला, व्हिडिओवाला दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांना मंत्र ऐकू यावेत म्हणून पुरोहित सुब्बा शास्त्रींच्या पुढ्यात माईक. वसंतराव आणि सरोजा पाटांवर शेजारी शेजारी बसले होते. पाणी धारांनी पडावं म्हणून डोक्यावर चाळणी धरायला नातवंडं, भोवती कलशांची रांग.

राघोत्तमने जरीकाठी पंचकच्छ नेसलं होतं. पोटाची घडी संयुक्ताने आत दाबून वरून घट्ट बांधून दिली होती. अंगवस्त्र त्याने दोन्ही खांद्यांवरून छातीवर घेतलं होतं, कडा मुठीत. आरशात बघितलं तेव्हा तो जवळजवळ बरा दिसला होता.

सुब्बा शास्त्रींनी मान वर केली. "अंगवस्त्र कमरेला बांधा. वडिलांपुढं खांद्यावरून घेत न्हाईत."

ही रीत राघोत्तमला ठाऊक होती. लग्नानंतर कधी पुढे बसला नव्हता, म्हणून आयत्या वेळी ती डोक्यातून गेली होती. त्याने मुठी सोडल्या. अंगवस्त्र काढून कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारायला वाकला, तशी आत दाबलेली घडी पंचकच्छावरून बाहेर येऊन लोंबली.

पहिल्या रांगेत कोणीतरी "अय्यो" म्हणालं. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, काय दुखणं हाय त्याला. त्याने ऐकलं. त्याने ऐकलं नाही असं केलं, पहिला कलश दोन्ही हातांनी उचलला आणि वर धरला. हात वर गेले तशी दंडाखालची कातडी सुटली आणि हलू लागली, छातीच्या पिशव्या हलल्या. कलश भरलेला, जड. तो स्थिर धरायचा म्हणजे अंग थरथरणारच.

वसंतरावांनी चाळणीखालून वर बघितलं.

ते काही ओरडले नाहीत. त्यांनी हलक्या आवाजातच सांगितलं, जसं घरात सांगायचे तसं. पण माईक त्यांच्या तोंडापासून हातभरावर होता.

"सुधींद्रा, तू घे रे. ह्याला आत पाठीव. फोटोत असलं नक्को."

मंडपभर ऐकू गेलं. शेवटच्या रांगेत केळीची पानं मांडणाऱ्या माणसांनीसुद्धा तिकडे बघितलं. नादस्वर नेमकं थांबलेलं होतं.

सरोजा शेजारीच बसली होती. ती राघोत्तमकडे बघत होती, ओठ हलले, पण तिने पाट सोडला नाही आणि शब्दही काढला नाही. सुधींद्र दोन पावलं पुढे आला, घुटमळला. राघोत्तमला वाटलं होतं तो नाही म्हणेल. निदान एकदा म्हणेल. सुधींद्राने हात पुढे केले.

राघोत्तमने कलश त्याच्या हातात दिला. पाणी सांडू नये म्हणून तळाशी हात धरून दिला. मग तो वळला आणि व्हिडिओवाल्याच्या समोरूनच, घडी न सावरता, सगळ्या मंडपातून चालत मागच्या खोलीत गेला. त्याच्या पाठीमागे मंत्र पुन्हा सुरू झाले.

संयुक्ता आली तेव्हा तो खुर्चीवर बसून होता. तिने दार लावलं.

"घरी जाऊ या," ती म्हणाली.

"जेवणं आहेत. थोरला मुलगा जेवणाला नसला तर लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला अजून त्याचीच पडलीय?"

तिने त्याचा सदरा पिशवीतून काढला आणि लहान मुलाला घालावा तसा त्याच्या अंगात घातला. हात बाह्यांत घालताना त्याला रडू फुटलं, आणि ते बाहेर जाऊ नये म्हणून त्याने अंगवस्त्राचा बोळा तोंडात धरला.

दाराशी सुधींद्र येऊन उभा राहिला. अंग ओलं, कपाळावर कुंकू. "अण्णा, मी काय करणार होतो? सगळे बघत होते. मुहूर्त चालला होता."

"पाणी गरम होतं का?" राघोत्तमने विचारलं.

"काय?"

"आईला थंडी सोसत नाही. पाणी गरम होतं का?"

"होतं," सुधींद्र म्हणाला आणि तिथून गेला.

चार दिवसांनी वसंतरावांचा फोन आला. माफी वगैरे त्या घरात कधी नव्हतीच. "तुझ्या भल्यालाच बोललो," ते म्हणाले. "लोकांनी काय काय बोललं असतं. आधी सांगितलं असतास की असलं झालंय, तर मी काही तरी केलं असतो."

"काय केलं असतं अप्पा?"

"आधीपासनंच सुधींद्राला सांगितलं असतो."

"साखर गेली माझी," राघोत्तम म्हणाला. "झोपेत मरत होतो, ते थांबलं. तुम्ही कधी विचारलं नाही."

"ते बरंच झालं की," वसंतराव म्हणाले, आणि मग मंडपातल्या जेवणाचं किती उरलं ते सांगत बसले.

त्यानंतर राघोत्तम त्यांच्या घरी जाईनासा झाला. आईला भेटायचं तर वसंतराव मठात गेलेले असतील तेव्हा जायचा. सरोजा त्याच्यापुढे कॉफीचा लोटा ठेवायची आणि म्हणायची, "ऐंशी झाले रे त्यांना." तो म्हणायचा, "मला माहीत आहे. मी तिथेच होतो." तिला हे टोचावं म्हणूनच म्हणायचा, आणि टोचलं की त्याला बरं वाटायचं नाही.

कातडी थोडी आवळली. डॉक्टर कनका म्हणाल्या होत्या तितकीच. कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी. वजन एकोणऐंशीवर येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. त्याने अंडी, डाळ, लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या. उन्हाळ्यात घडीखाली एक व्रण पडला तो भरेचना, पू धरला, ताप आला. त्या तापात त्याने संयुक्ताला सांगितलं की आता करून टाकू.

"कोणासाठी?" तिने विचारलं.

"आग होतेय म्हणून."

विमा कंपनीने आधी हे सौंदर्याचं काम म्हणून नाकारलं. डॉक्टर कनकांनी व्रणांचे फोटो आणि तापाची नोंद जोडून पाठवली, तेव्हा अर्धंमुर्धं मान्य झालं. ऑपरेशन पाच तास चाललं. कापून काढलेली कातडी आणि त्याखालची चरबी मिळून तीन किलोही भरली नाही. राघोत्तमला ते ऐकून हसू आलं आणि टाके दुखले. इतके दिवस त्याला वाटत होतं की तो अर्धा माणूस लोंबवत फिरतोय.

पुढचं सगळं सांगितल्यासारखंच झालं. नळ्या, कमरेला आवळपट्टा, वाकून चालणं. दुसऱ्या आठवड्यात पाणी साचलं, ते सुईने काढावं लागलं. उजव्या कुशीला दोन टाके उसवले आणि ती जागा भरायला महिना लागला. संयुक्ता शाळेतून आली की आधी हात धुऊन पट्टी बदलायची. आडवा व्रण आधी जांभळा होता, मग लाल झाला. बेंबी परक्या माणसाची असल्यासारखी दिसायची. पण खाली घडी नव्हती. पहिल्यांदा नुसत्या पाण्याने अंघोळ करून, पावडर न लावता, कापड न ठेवता तो बाहेर आला तेव्हा पलंगावर बसून राहिला. "काय झालं?" संयुक्ताने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "काही करायचं उरलं नाही, म्हणून बसलोय."

वसंतराव बघायला आले ते त्याच सुमारास. सोबत सरोजा. वसंतरावांचा हात काठीवर होता. गेल्या वर्षभरात तेही खंगले होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"झालं म्हणे," ते म्हणाले. "सपाट झालं म्हणे पोट. दाखीव बघू."

राघोत्तमने सदऱ्याची कड खाली ओढली.

"अरे, दाखीव की. बापाला काय लाज? बरं दिसत असेल तर पुढल्या महिन्यात सुधींद्राच्या मुलाची मुंज हाय, तू पुढं बस. मीच सांगतो सगळ्यांना. त्या दिवशीचं लोक विसरून जातील."

"दंड तसेच आहेत, अप्पा," राघोत्तम म्हणाला. "छातीही तशीच आहे. ती तशीच राहणार. मी ते कापायला जाणार नाही."

"का? एवढं केलास, मग तेवढ्यासाठी कशाला थांबतोस?"

"आग होत नाही तिथे."

वसंतरावांना हे कळलं नाही. त्यांनी सरोजाकडे बघितलं, ती खाली बघत होती. ते पुढे वाकले आणि त्याच्या सदऱ्याच्या खालच्या बटणाला हात घातला. लहानपणी शाळेचा सदरा घालताना पोट आत घे म्हणून घालायचे तसा. राघोत्तमने त्यांचं मनगट धरलं. ते किती बारीक आहे, हाडावर कातडी कशी सुटी सरकते, हे त्याच्या बोटांना जाणवलं. त्याने हात हळूच उचलला आणि त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"मी बघायला आलो होतो," वसंतराव म्हणाले. आवाज चढला नाही. पहिल्यांदाच तो जरा कापरा होता, आणि राघोत्तमने तो कापरेपणा ऐकून घेतला, पण त्याच्या आत काही हललं नाही. हललं असतं तर बरं, असंही त्याला वाटून गेलं.

"संयुक्ता, अप्पांना कॉफी दे," तो म्हणाला. "साखर कमी घाल."

कॉफी होईपर्यंत चौघं बसून होते. वसंतरावांनी मुंजीला कोणकोण येणार ते सांगायला सुरुवात केली. सरोजा मध्येच उठून राघोत्तमजवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बोटं खाली दंडावर आली तेव्हा थबकली. बाहीखाली ती मऊ, मोकळी कातडी तिच्या हाताला लागली होती. तिने हात काढला नाही. "माझ्यावर गेलास रे," ती हळूच म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "डॉक्टरनेही तेच सांगितलं."

ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. मंडपाबद्दल एक शब्द. ती बोलली नाही. वसंतरावांनी पेला खाली ठेवला आणि काठी उचलली, तशी ती त्यांच्या मागोमाग जिन्याकडे गेली, त्यांचा हात धरायला.

मुंजीला राघोत्तम गेला नाही. त्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कारखान्यात गेला. पंख्याखाली बसून त्याने बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, आधी कधी दुमडत नसे. समोरच्या टेबलावरचा उमाकांत एकदा बघून पुन्हा कागदांकडे वळला. दुपारी सुधींद्राचा फोन आला तेव्हा पाठीमागे नादस्वर ऐकू येत होतं.

"अण्णा, अप्पा विचारतायत, अजून आला नाहीस म्हणून."

"कामावर आहे म्हण," राघोत्तम म्हणाला, आणि स्प्रिंगांचा नवा माल आला होता तो तपासायला उठला.